शेजारी शेजारी, तरी सामाईक विभाजक नाही

१, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, १४४, २३३... या मालिकेतली प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज. युरोपात ती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते, कारण १२०२ साली त्याने सशांच्या जोड्यांचे एक उदाहरण घालून ती मांडली. आपल्याकडच्या छंदशास्त्रज्ञांना मात्र ती त्याआधीच ठाऊक होती. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांचा चरण किती प्रकारे बांधता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल तर आधी तीन मात्रा उरतात, आणि त्या ३ प्रकारे भरतात. गुरू असेल तर दोन मात्रा उरतात, त्या २ प्रकारे. म्हणून एकूण ५ प्रकार. आधीच्या दोन संख्यांची बेरीज करण्याचा हा नियम बाराव्या शतकात हेमचंद्राने सांगितला आहे.

आता या मालिकेतल्या शेजारच्या कोणत्याही दोन संख्या घ्या आणि त्यांचे अवयव पाडा. २१ म्हणजे ३ × ७, आणि ३४ म्हणजे २ × १७. काही जुळत नाही. १४४ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ असे भरपूर विभाजक आहेत. पण शेजारच्या ८९ ला किंवा २३३ ला त्यांतल्या एकानेही भाग जात नाही. ३७७ म्हणजे १३ × २९, तर पुढची ६१० म्हणजे २ × ५ × ६१. पुन्हा तेच. कितीही पुढे गेलात तरी शेजारच्या दोन संख्यांना १ सोडून एकही सामाईक विभाजक सापडत नाही. शाळेच्या पुस्तकात अशा संख्यांना सहमूळ संख्या म्हणतात.

पण दहा जोड्या तपासल्या म्हणून अकरावी तशीच निघेल, असे गणितात धरून चालत नाही. मालिका तर कधीच संपत नाही. मग एकही जोडी सुटणार नाही, हे कशावरून?

उत्तर मालिकेत पुढे जाऊन मिळत नाही, मागे येऊन मिळते. समजा, कोणी म्हणाले की ८९ आणि १४४ या दोन्हींना एखाद्या संख्येने भाग जातो. ती संख्या कोणती, हे आपण विचारायचेच नाही. दोन संख्यांना ज्याने भाग जातो, त्याने त्यांच्या वजाबाकीलाही जातो, एवढे पुरे. १४४ मधून ८९ गेले की ५५ उरतात, म्हणून त्या विभाजकाने ५५ लाही भाग जायला हवा. आता ८९ आणि ५५ या दोन्हींना भाग जातो, तर त्यांच्या फरकाला, म्हणजे ३४ ला, जायलाच हवा. मग २१ ला. मग १३, ८, ५, ३, २ असे करत शेवटी १ ला. आणि १ ला भाग जाणारी पूर्ण संख्या एकच, ती स्वतः १. म्हणजे तो विभाजक १ शिवाय दुसरा काही असूच शकत नव्हता.

यात ८९ आणि १४४ यांचे विशेष असे काही नाही. मालिकेतली हजारावी आणि हजार एकावी संख्या घेतली, तरी जिना तोच आहे आणि प्रत्येक पायरी एका वजाबाकीचीच. अवघड अवयव पाडायची गरज कुठेच पडत नाही. मला या सिद्धतेतले सर्वांत सुंदर वाटते ते हेच.

मात्र ही सिद्धता कशावर उभी आहे ते नीट पाहायला हवे. पहिला आधार सुरुवातीचा. तीच बेरीज ६ आणि ९ पासून सुरू केली तर ६, ९, १५, २४, ३९, ६३ अशी मालिका मिळते. इथे मागे येताना आपण १ वर पोहोचतच नाही. ६ आणि ९ वर थांबतो, आणि त्या दोघांना ३ ने भाग जातो. म्हणून तो ३ मालिकेतल्या प्रत्येक संख्येत आहे. बेरजेचा नियम सामाईक विभाजक नव्याने तयार करत नाही आणि असलेला पुसतही नाही. जो सुरुवातीला असतो, तोच जसाच्या तसा पुढे जातो.

दुसरा आधार नियमाचा, आणि तो सहज नजरेतून निसटतो. नियम थोडा बदलू: आधीच्या संख्येत तिच्याही आधीच्या संख्येची दुप्पट मिळवायची. सुरुवात १ आणि २ ने केली तर पुढे ४, ८, १६, ३२ येतात. सुरुवातीच्या दोन संख्या सहमूळ होत्या, तरी ८ आणि १६ मध्ये सामाईक ८ कुठून आला? मागे येऊन पाहा. १६ मधून ८ वजा केले तर ४ मिळत नाहीत, ४ ची दुप्पट मिळते. विभाजकाने त्या दुपटीला भाग जातो म्हणून खुद्द ४ ला जाईलच, असे नाही. जिन्याची पहिलीच पायरी निखळते. आधीच्या तीन संख्यांची बेरीज केली तरी तेच घडते: १, १, २, ४, ७, १३, २४. इथे २ आणि ४ शेजारी शेजारी आहेत. एका संख्येतून तिच्या आधीची वजा केल्यावर आणखी दोन संख्यांची बेरीज उरते, आणि बेरजेला भाग जातो म्हणून तिच्या प्रत्येक भागाला जातो असे म्हणता येत नाही. फिबोनाचीच्या मालिकेत मात्र एका साध्या वजाबाकीत नेमकी मागची संख्याच हाती येते.

हा गुणधर्म हिशेब तपासायलाही उपयोगी पडतो. समजा, मालिका हाताने लिहिताना ८९ आणि १४४ यांची बेरीज २३३ ऐवजी चुकून २३४ लिहिली. १४४ आणि २३४ दोन्ही सम आहेत, म्हणजे चूक लगेच उघड झाली. खरे तर या दोघांना १८ ने भाग जातो: १४४ म्हणजे १८ × ८ आणि २३४ म्हणजे १८ × १३. चूक लक्षात न येता पुढे गेलात तर ३७८ आणि ६१२ मिळतील. त्यांना १८ ने भागा, २१ आणि ३४ येतील. एका चुकीमुळे मालिका स्वतःच्याच मागच्या भागाच्या अठरा पटीवर गेली, आणि तो १८ आता पुढच्या प्रत्येक संख्येत राहणार! अर्थात प्रत्येक चूक अशी पकडता येत नाही. २३५ लिहिले असते तर १४४ शी ती सहमूळच निघाली असती.

वजाबाकी करत मागे येण्याची ही रीत म्हणजे शाळेत शिकलेली भागाकाराने मसावि काढायची रीतच आहे. ती युक्लिडची. ५५ आणि ३३ घेतले तर तीन भागाकारांत उत्तर ११ येते. ५५ आणि ३४ घेतले तर बाकी २१, १३, ८, ५, ३, २, १ अशी एकेक पायरी उतरते आणि आठव्या भागाकाराला शून्य होते. अगदी शेवटचा भागाकार सोडला तर भागफल दर वेळी १ च, त्यामुळे याहून सावकाश उतरणे शक्यच नाही. १८४४ साली फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे याने यावरूनच दाखवून दिले की मसावि काढायला लागणारे भागाकार लहान संख्येच्या अंकांच्या पाचपटीपेक्षा कधीच जास्त नसतात. ३४ दोन अंकी, म्हणून मर्यादा दहाची. आणि लागले आठ.