लिस्टमध्ये शोधणे महाग, सेटमध्ये स्वस्त: पायथॉनच्या एका लूपचा हिशेब

पायथॉनमध्ये एखादी गोष्ट यादीत आहे का, हे विचारायला `in` हा दोन अक्षरांचा शब्द पुरतो. यादीत दहा नावे असोत की दहा लाख, लिहायची ओळ तीच राहते. तिच्यामागे यंत्राला करावे लागणारे काम मात्र सारखे राहत नाही. ही ओळ लूपच्या आत, म्हणजे हजारो-लाखो वेळा चालणाऱ्या भागात पडली की एरवी निर्दोष असलेला प्रोग्रॅम रेंगाळू लागतो. उत्तर बरोबर येते, चुकीचा संदेश कुठेच दिसत नाही, फक्त काम संपत नाही.

मराठी मजकुरातून शब्दसूची तयार करण्याचे काम यासाठी चांगले उदाहरण आहे. एका मोठ्या फाइलमधले सगळे शब्द क्रमाने वाचायचे आणि प्रत्येक वेगळा शब्द, जसा पहिल्यांदा आला त्या क्रमाने, एकदाच नोंदवायचा. सरळ सुचणारा प्रोग्रॅम असा:

```python
seen = []
for word in words:
    if word not in seen:
        seen.append(word)
```

`seen` ही पायथॉनची लिस्ट आहे. लिस्ट म्हणजे स्मृतीत ओळीने मांडलेले पत्ते. प्रत्येक पत्ता एकेका शब्दाकडे बोट दाखवतो. कोणता शब्द कितव्या जागी आहे याची वेगळी नोंद लिस्ट ठेवत नाही. त्यामुळे `word not in seen` असे विचारल्यावर पायथॉन पहिल्या जागेपासून सुरुवात करतो आणि एकेका शब्दाशी तुलना करत पुढे सरकतो. शब्द सापडला तर तिथेच थांबतो. सापडला नाही, तर शेवटपर्यंत गेल्याशिवाय ‘नाही’ म्हणण्याची सोय त्याला नसते. खोल्यांना क्रमांक नसलेल्या चाळीत एखाद्याचे बिऱ्हाड शोधायचे तर दार दार ठोठवावे लागते, तसाच हा प्रकार.

सगळे शब्द सारखेच महाग पडत नाहीत. ‘आणि’, ‘आहे’, ‘हा’ असे शब्द मजकुराच्या पहिल्या काही ओळींतच येऊन जातात, म्हणून ते लिस्टच्या तोंडाशीच बसलेले असतात आणि पुन्हा आले की दोन-चार पावलांत सापडतात. खर्च वाढतो तो नव्या आणि विरळ शब्दांमुळे. नवा शब्द लिस्टमध्ये नसतोच, म्हणून त्याच्यासाठी दर वेळी संपूर्ण लिस्ट पालथी घालावी लागते. मराठीत असे शब्द भरपूर मिळतात. ‘घर’ या एका नामापासून घरात, घराला, घरातून, घरापासून, घरांमध्ये अशी रूपे निघतात आणि प्रोग्रॅमच्या लेखी यांतले प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द असते.

फाइलमध्ये ५० हजार वेगळे शब्द आहेत असे धरू. पहिल्या शब्दाच्या वेळी लिस्ट रिकामी, म्हणून तुलना शून्य. दुसऱ्या नव्या शब्दाला एक, तिसऱ्याला दोन, आणि शेवटच्याला ४९,९९९. यांची बेरीज १२४ कोटी ९९ लाख ७५ हजार होते, म्हणजे जवळजवळ १२५ कोटी. पुन्हा येणाऱ्या शब्दांचा शोध यात धरलेलाच नाही. एका तुलनेला २० नॅनोसेकंद लागतात असे ढोबळमानाने मानले, तर एवढ्याच कामाला २५ सेकंद जातात. वेगळे शब्द एक लाख झाले की तुलना ५०० कोटींच्या आसपास पोहोचतात आणि वेळ १०० सेकंदांवर जातो. दोन लाख झाले की साधारण ४०० सेकंद. सूची दुप्पट झाली की वेळ चौपट होतो, हे या दोषाचे खरे लक्षण. शंभर शब्दांच्या नमुन्यावर प्रोग्रॅम तपासणाऱ्याच्या ते लक्षात येणे अवघड, कारण तिथे एकूण तुलना पाच हजारांच्याही आत राहतात.

हा दोष ओळखायला फार साधने लागत नाहीत. दर एक लाख शब्दांनंतर लागलेला वेळ छापून पाहावा; प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लांबत गेला तर संशय लिस्टवर घ्यावा. अर्ध्याच फाइलवर प्रोग्रॅम चालवून पाहिला आणि वेळ निम्म्यापेक्षा बराच कमी लागला, तरी खूण तीच. पायथॉनसोबत येणारे `cProfile` हे वेळमापक इथे थोडे फसवते. ते प्रत्येक फंक्शनचा वेळ वेगळा दाखवते, पण `in` हा ऑपरेटर आहे, फंक्शन नाही, म्हणून त्याची स्वतंत्र ओळ त्या तक्त्यात येत नाही. ज्या फंक्शनमध्ये लूप आहे त्याच्या स्वतःच्या नावावर सगळा वेळ चढलेला दिसतो, आणि बाजूला `append` ची ओळ निष्पाप चेहऱ्याने उभी असते. अशा वेळी त्या फंक्शनमधला प्रत्येक `in` डोळ्यांनी शोधून त्याच्या उजवीकडे लिस्ट आहे का, एवढे पाहणे जास्त उपयोगी.

दुरुस्ती दोन-तीन ओळींची आहे:

```python
seen = set()
order = []
for word in words:
    if word not in seen:
        seen.add(word)
        order.append(word)
```

आता ‘आहे का’ हा प्रश्न लिस्टला न विचारता सेटला विचारला जातो. सेट हा प्रकार पायथॉनमध्ये आधी २.३ या आवृत्तीत वेगळ्या मॉड्यूलच्या रूपाने आला आणि २००४ च्या २.४ पासून भाषेतच अंगभूत झाला. त्याची आतली मांडणी लिस्टपेक्षा अगदी निराळी असते. सेटमध्ये शब्द टाकताना पायथॉन त्या शब्दाच्या अक्षरांवरून एक मोठा पूर्णांक काढतो. त्याला हॅश म्हणतात. सेटचा तक्ता ८, ३२, १२८ अशा दोनाच्या घातांइतक्या कप्प्यांचा असतो. हॅशच्या शेवटच्या काही बिट्सवरून कोणता कप्पा हे ठरते आणि शब्दाचा पत्ता तिथे नोंदवला जातो, सोबत पूर्ण हॅशही. पुढे तोच शब्द शोधायचा झाला की पुन्हा हॅश काढायचा आणि थेट त्या कप्प्याशी जायचे. कप्पा रिकामा असेल तर उत्तर ‘नाही’. बाकी हजारो शब्दांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

दोन वेगळ्या शब्दांना एकच कप्पा मिळणे अटळ आहे. तसे झाले तर पायथॉन ठरलेल्या नियमाने पुढचे कप्पे पाहतो. आधी साठवलेला हॅश जुळतो का ते बघतो आणि जुळला तरच प्रत्यक्ष शब्दांची तुलना करतो. अशा टकरी फार होऊ नयेत म्हणून तक्ता सुमारे तीन पंचमांश भरला की तो मोठा केला जातो आणि सगळ्या नोंदी नव्याने मांडल्या जातात. त्यामुळे सेटमध्ये पाचशे शब्द असोत की पाच लाख, एका शोधाला सरासरी दोन-चार कप्प्यांपलीकडे जावे लागत नाही. शब्दसूचीच्या उदाहरणातले २५ सेकंदांचे काम सेकंदाच्या लहानशा अंशात आटोपते.

उत्तरात मात्र काडीचाही फरक पडत नाही. ‘समान’ कशाला म्हणायचे याचा निकष लिस्टला आणि सेटला एकच आहे. जे दोष आधी होते ते तसेच राहतात: ‘ऱ्य’मधला ‘ऱ’ एका फाइलमध्ये एकाच युनिकोड चिन्हाने आणि दुसरीत ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी टाइप झालेला असेल, तर पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द सेटही वेगळेच मोजतो. त्यासाठी `unicodedata.normalize("NFC", word)` हे निराळे औषध आहे.

वरच्या कोडमध्ये `order` ही लिस्ट उगाच ठेवलेली नाही. सेट क्रम पाळत नाही. शब्दांचा हॅश काढताना पायथॉन दर वेळी नवे यादृच्छिक बीज वापरतो, त्यामुळे सेटमधले शब्द आज एका क्रमाने तर पुढच्या वेळी दुसऱ्याच क्रमाने बाहेर पडू शकतात. ही व्यवस्था ३.३ आवृत्तीपासून आपोआप चालू असते. मुद्दाम एकाच कप्प्यात पडणारे हजारो शब्द पाठवून सर्व्हर जेरीस आणता येतो, हे २०११ मध्ये उघडपणे दाखवले गेले होते. त्यावरचा हा उपाय. सगळ्या टकरी एकाच ठिकाणी घडवून आणल्या तर सेटचाही शोध लिस्टसारखाच रांगेतून चालतो. क्रम हवा आणि कोड आखूड हवा, तर `list(dict.fromkeys(words))` ही एक ओळ पुरते, कारण ३.७ पासून डिक्शनरी नोंदींचा क्रम राखते आणि तिचा शोधही हॅशवरच चालतो.

सेटचे नाव ऐकून घाईने केलेली दुरुस्ती कधी कधी उलटते. शब्दसूचीतून ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ असे शब्द वगळायचे आहेत आणि ते `skip` नावाच्या लिस्टमध्ये आहेत, असे समजा.

```python
for word in words:
    if word in set(skip):
        continue
```

इथे लूपच्या प्रत्येक फेरीत `skip` पूर्ण वाचून नवा सेट उभा केला जातो, त्यात एकदाच शोध घेतला जातो आणि मग तो टाकून दिला जातो. सेट बांधायला प्रत्येक शब्दाजवळ जावे लागते, म्हणजे लिस्ट पालथी घालण्यापेक्षाही जास्त काम. `skip_set = set(skip)` ही ओळ लूपच्या वर एकदाच लिहिली की प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण आल्याबरोबर कळते. सेटमध्ये लिस्ट ठेवू पाहिली तर `unhashable type: 'list'` असे सांगणारा `TypeError` येतो. कारण सरळ आहे. लिस्टमधला मजकूर नंतर बदलता येतो. तो बदलला तर तिचा हॅशही बदलायला हवा, मग आधीच्या कप्प्यात ठेवलेली लिस्ट नव्या कप्प्यात शोधूनही सापडायची नाही. शब्दांच्या जोड्या नोंदवायच्या असतील तर लिस्टऐवजी टपल वापरावे: `seen.add((w1, w2))`.

वेगाची किंमत स्मृतीत मोजावी लागते. एक लाख नोंदींच्या लिस्टला ६४ बिटांच्या यंत्रावर पत्त्यांसाठी सुमारे आठ लाख बाइट लागतात. तेवढ्याच नोंदींच्या सेटचा तक्ता २,६२,१४४ कप्प्यांपर्यंत वाढतो आणि प्रत्येक कप्प्याला १६ बाइट धरून ४२ लाखांच्या घरात जातो. आजच्या संगणकाला हे जड नाही, पण कोट्यवधी नोंदी असल्या तर आधी विचार करावा लागतो. पाच-सात नोंदींची यादी लिस्टमध्ये राहिली तरी फरक जाणवत नाही. मोठ्या लिस्टलाही एकच प्रश्न एकदाच विचारायचा असेल तर सेट करणे तोट्याचे ठरते, कारण सेट बांधण्यासाठी सगळी लिस्ट वाचावी लागते आणि शोध तर त्याआधीच, अर्ध्या वाटेवरही संपला असता.