एका फ्रेमपुरतं ओढलेलं चित्र

चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘द डोव्हर बॉइज’ हा वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून मालिकेतला १९४२ सालचा छोटा चित्रपट. त्यातला खलनायक डॅन बॅकस्लाइड पडद्याच्या एका टोकाला उभा असतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. तो मधल्या जागेतूनच गेला, याबद्दल बघणाऱ्याला जराही शंका येत नाही. पण चित्रपट थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवली, तर मधल्या जागेत माणूस नसतोच. तिथे असतो एक लांबलचक पट्टा, ताणलेल्या पाकासारखा, डॅनच्याच चेहऱ्याचे आणि कपड्यांचे रंग घेऊन आडवा पसरलेला. अशा चित्राला अ‍ॅनिमेशनवाले ‘स्मिअर’ म्हणतात. तशी चित्रं आधीही तुरळक काढली जात. या चित्रपटात मात्र बॉब कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या हालचालीची पद्धतच त्यांवर उभी केली.

अशा चित्राची गरज का पडते, ते कॅमेऱ्याकडे बघितलं की कळतं. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम टिपतो आणि साधारणपणे प्रत्येक फ्रेमसाठी त्याचं शटर सेकंदाचा ४८वा भाग उघडं असतं. तेवढ्या वेळात धावत्या माणसाचा हात बराच पुढे गेलेला असतो, म्हणून फ्रेममध्ये तो पुसट, फरफटल्यासारखा उमटतो. हाच मोशन ब्लर. आपल्याला तो वेगळा जाणवत नाही, पण लागोपाठच्या दोन फ्रेमना तोच सांधून ठेवतो. हाताने काढलेल्या चित्रात शटर नसतं. प्रत्येक रेघ ठसठशीत असते. हालचाल सावकाश असेल तर त्याने काही बिघडत नाही, कारण हाताची नवी जागा जुन्या जागेला थोडी झाकतच असते. पण हात एका फ्रेममध्ये स्वतःच्या रुंदीपेक्षा लांब गेला, की दोन जागांमध्ये रिकामं अंतर पडतं. मग डोळ्याला एक हात सरकलेला दिसत नाही. इथला हात नाहीसा झाला आणि तिथे दुसरा उगवला, असं दिसतं आणि पडद्यावर फडफड जाणवते. हे रिकामं अंतर भरून काढणं हेच स्मिअरचं काम.

एक साधी हालचाल घेऊ. कोणीतरी डोक्यावर उंचावलेला हात टेबलावर आपटतो आहे. पहिलं मुख्य चित्र हात वर असलेलं, दुसरं पंजा टेबलावर टेकलेला. ही दोन्ही चित्रं लाइट बॉक्सवर एकावर एक ठेवायची आणि निळ्या पेन्सिलीने मनगटाची वाट आखायची. हात खांद्याभोवती फिरतो, त्यामुळे ही वाट सरळ नसते, कमानीसारखी वाकलेली असते. आता मधलं चित्र. खांदा जवळजवळ जागेवरच राहतो, कोपर थोडं अंतर कापतं आणि पंजा सगळ्यात जास्त. म्हणून स्मिअर खांद्यापाशी अरुंद आणि पंजाच्या बाजूला पसरट होत जातो, उघडलेल्या कोनाच्या आकाराचा. टेबलाकडची, म्हणजे पुढची कड बऱ्यापैकी स्पष्ट ठेवायची, कारण हात कुठे निघाला आहे ते तीच सांगते. मागची कड तुटक, रेषारेषांची. तिचं शेपूट उंचावलेल्या हाताच्या जुन्या जागेला थोडं तरी झाकायला हवं आणि पुढचं टोक टेबलाच्या जवळ पोहोचायला हवं. या दोनपैकी एक सांधा सुटला तरी ती फडफड परत येते.

त्यानंतर वेळेचा हिशेब. हात खाली यायच्या आधी तो आणखी थोडा वर जातो, त्याला चार फ्रेम. तिथे हात सहा-सात फ्रेम थांबतो. मग स्मिअरची एकच फ्रेम आणि लगेच पंजा टेबलावर. नंतर हाताची किंचित उसळी, तीन-चार फ्रेमची, आणि पुन्हा स्थिर मुद्रा. आकडे प्रसंगानुसार बदलतात, प्रमाण मात्र साधारण असंच राहतं. माझ्या मते शिकणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं ते इथेच. ओढलेलं चित्र काढण्यावर ते जीव ओततात आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर मुद्रा घाईत उरकतात. स्मिअर दिसतो सेकंदाचा २४वा भाग, त्यामुळे त्याचा अर्थ लागतो तो आधी काय होतं आणि नंतर काय झालं यावरून. ‘द डोव्हर बॉइज’मधली पात्रं मुद्रा घेऊन ठाम उभी राहतात, म्हणूनच त्यांच्या झेपा इतक्या स्वच्छ वाचता येतात.

अंतर भरायच्या आणखी दोन रीती आहेत. एक म्हणजे त्याच अवयवाच्या अनेक प्रती काढणं: एका फ्रेममध्ये चार हात, सहा डोळे. मान झटक्यात वळते किंवा हात भराभर पुढे-मागे होतो तिथे ही रीत शोभते. दुसरी कोरड्या ब्रशची. सेलवर चित्रं रंगवली जात त्या काळात स्टुडिओच्या रंगविभागात बहुतांश स्त्रिया असत. जवळजवळ सुकलेल्या ब्रशने त्या पात्राच्या मागे त्याच्याच रंगाचे फटकारे ओढत. त्यांच्या फटींतून मागचं दृश्य दिसत राही आणि कॅमेऱ्यातल्या पुसटपणाचा भास तयार होई. रसिकांनी नावं लक्षात ठेवली ती दिग्दर्शकांची, पण त्या वेगातला बराचसा वाटा या ब्रशांचा होता.

स्मिअर फसला की ते ओळखू येतं. पुष्कळ द्विमितीय अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र दोन फ्रेम ठेवलं जातं. तोच नियम स्मिअरला लावला तर तो सेकंदाचा १२वा भाग पडद्यावर राहतो आणि वेगाऐवजी वेडावाकडा आकारच प्रेक्षकाच्या नजरेत भरतो. बाकीचं काम दोन-दोन फ्रेमवर चाललेलं असलं तरी या चित्राला सहसा एकच फ्रेम द्यावी. दुसरी चूक कमानीची. आपटणाऱ्या हाताचा स्मिअर सरळ रेषेत ओढला, तर मध्येच हात आखूड होऊन पुन्हा वाढल्याचा झटका बसतो. तिसरी चूक म्हणजे जिथे गरज नाही तिथे तो वापरणं. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पायाला स्मिअर लावला की पाय रबराचे वाटू लागतात.

आता संगणकावर मोशन ब्लरचा फिल्टर आहे. चित्रं आणि त्यांची दिशा दिली की तो पुसटपणा आपोआप तयार करतो. काही दृश्यांत तो उत्तम चालतो, उदाहरणार्थ धावत्या गाडीमागची झाडं. पण पात्राला तो सगळीकडे सारखाच लागतो, कारण कोणती कड ठळक ठेवायची आणि कोणती विरघळू द्यायची, हे त्याला ठरवता येत नाही. ठळक रेषांच्या पात्रावर तो लावला, की बाकी सगळं रेखीव असताना तेवढंच चित्र धुक्यात गेल्यासारखं होतं. काढलेला स्मिअर मात्र रेषेचाच असतो, त्यामुळे त्याच चित्रसृष्टीत राहतो.

हे सगळं स्वतः तपासून बघता येतं. ‘द डोव्हर बॉइज’ अमेरिकेत आता सार्वजनिक मालकीचा आहे, त्यामुळे तो सहज सापडतो. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कळफलकावरची `.` ही कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाता येतं आणि `,` ने मागे. प्रत मात्र जपून निवडावी. जुन्या कार्टूनच्या काही डिजिटल प्रतींवर धूळ-ओरखडे काढणारी स्वयंचलित प्रक्रिया केलेली असते. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये नसलेली, एकाच फ्रेममध्ये दिसणारी गोष्ट म्हणजे डाग, असं ती धरून चालते. स्मिअर तर नेमका एकाच फ्रेमचा असतो. त्यामुळे अशा प्रतींत झेपेच्या जागी पात्राच्या कडा खाल्लेल्या आणि रेषा अर्धवट पुसलेल्या दिसतात. तसं दिसलं, तर दुसरी प्रत शोधावी.