समुद्र सुटला की वादळ सुटते

3 जून 2020 रोजी दुपारी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. त्याच दिवशी मुंबईतही सगळे जण श्वास रोखून बसले होते, पण शहरावर अपेक्षेइतके संकट आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच वादळ विदर्भाच्या वाटेवर होते आणि त्याची ताकद साध्या पावसाळी हवेइतकीच उरली होती. चारेक दिवसांचे हे छोटे आयुष्य नीट पाहिले, तर चक्रीवादळ कशावर जगते, कशामुळे मरते आणि हवामानशास्त्रज्ञ त्याच्या मागावर कसे राहतात, हे सगळे उलगडत जाते.

सुरुवात 31 मे रोजी झाली. आग्नेय अरबी समुद्रावर हवेचा दाब थोडा कमी झाला होता. मोसमी पाऊस केरळच्या दारात होता; 1 जूनला त्याचे आगमन जाहीरही झाले. या दिवसांत अशी कमी दाबाची क्षेत्रे अधूनमधून तयार होतातच आणि त्यातली बहुतेक पाऊस पाडून विरून जातात. त्यातल्या एखाद्याचेच वादळ होते, कारण त्यासाठी बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे गरम समुद्र. पृष्ठभागाचे पाणी किमान 26.5 अंश सेल्सिअस असावे लागते आणि ही ऊब साधारण 50 मीटर खोलीपर्यंत उतरलेली असावी लागते. मेअखेरीस अरबी समुद्र 30 अंशांच्या आसपास तापलेला असतो, म्हणजे अट सहज पुरी होते. या पाण्याची वाफ होताना ती समुद्रातली उष्णता आपल्याबरोबर घेऊन वर जाते. वर थंड हवेत वाफेचे पुन्हा पाणी होते, ढग बनतात आणि ती साठलेली उष्णता तिथे मोकळी होते. ही उष्णता किती असते? एक लिटर पाण्याच्या वाफेतून जेवढी उष्णता सुटते, तेवढ्यात घरातल्या चुलीवरचे सात-आठ लिटर पाणी उकळीला येईल. वादळाच्या ढगांत अशी वाफ अखंड थिजत असते.

या उष्णतेने ढगांमधली हवा तापते, फुगते आणि माथ्यावरून बाहेर पसरते. खालच्या समुद्रावर हवेचा भार कमी होतो, म्हणजेच दाब उतरतो. दाब उतरला की आजूबाजूची हवा केंद्राकडे धावते. वारा जितका जोराचा, तितकी समुद्राची वाफ जास्त. वाफ जितकी जास्त, तितका दाब आणखी खाली. हे चक्र एकदा चालू झाले की वादळ स्वतःच स्वतःला वाढवत नेते. ‘निसर्ग’च्या केंद्रातला दाब सर्वांत कमी झाला तेव्हा तो 984 हेक्टापास्कल होता. समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब 1013 धरला, तर घट शंभरातले तीन भागही नाही. एवढ्याशा फरकाने बागा उपटणारे वारे वाहतात.

धावत येणारी हवा सरळ केंद्रात जात नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात आणि केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागतात. विषुववृत्ताजवळ हा परिणाम फारच क्षीण असतो, म्हणून तिथून साधारण पाच अंशांच्या आत समुद्र कितीही गरम असला तरी वादळे जवळजवळ तयारच होत नाहीत.

शेवटची अट मात्र आपल्याकडच्या वादळांचे वेळापत्रकच ठरवते. समुद्रालगतचे वारे आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वारे यांच्यात फार तफावत नसावी लागते. तफावत असेल, तर वर सुटलेली उष्णता केंद्रावर न राहता एका बाजूला वाहून जाते आणि वादळाचा घाट जमत नाही. ऐन पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असूनही मोठी चक्रीवादळे क्वचितच येतात. ती येतात पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा ओसरल्यावर. ‘निसर्ग’ला पावसाळ्याआधीची ही शेवटची संधी मिळाली.

1 जूनला हवामान खात्याने या क्षेत्राला ‘डिप्रेशन’ म्हटले. तेव्हा ते मुंबईच्या दक्षिण-नैर्ऋत्येला सुमारे 700 किलोमीटरवर होते. ही नावे वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. ताशी 31 किलोमीटरपासून डिप्रेशन, 62 पासून चक्रीवादळ, 89 पासून तीव्र चक्रीवादळ. 2 जूनच्या दुपारी या क्षेत्राचे चक्रीवादळ झाले आणि बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळाले.

पण खोल समुद्रातल्या वाऱ्याचा वेग मोजतात कसा? अमेरिकेत विमाने थेट वादळात शिरून मोजमाप घेतात. आपल्याकडे तशी नियमित सोय नाही. समुद्रात सोडलेली तरंगती यंत्रे आहेत, पण ती मोजकीच. वादळ नेमके त्यांच्यावरून जाईल असे नाही. म्हणून मुख्य भिस्त इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांवर असते आणि ती वाचण्याची पद्धत व्हर्नन ड्वोराक या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात घालून दिलेली आहे. तज्ज्ञ आधी ढगांच्या वळणांवरून केंद्र शोधतो. मग ढगांच्या मुख्य पट्ट्यावर एक सर्पिल रेषा बसवून त्या पट्ट्याने केंद्राला कितपत वेढा घातला आहे ते मोजतो. वेढा जितका पूर्ण, तितके वादळ बळकट. मधोमध डोळा दिसू लागला, तर डोळ्याचे तापमान आणि भोवतालच्या ढगमाथ्यांचे तापमान ताडून पाहतो. डोळा गरम आणि माथे अतिथंड असतील, तर वादळ जोमात आहे. यातून एक आकडा निघतो. 2.5 म्हणजे ताशी 65 किलोमीटरच्या आसपास वारे, 3.5 म्हणजे 100च्या आसपास. म्हणजे बातमीत आपण ऐकतो तो वेग बहुधा ढगांच्या आकारावरून काढलेला अंदाज असतो. एकाच चित्रावरून दोन जाणकारांच्या आकड्यांत थोडा फरक पडू शकतो.

वादळ किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर आले की डॉप्लर रडार मदतीला येते. ‘निसर्ग’वर गोवा आणि मुंबईच्या रडारांची नजर होती. रडारला ढगांतले पावसाचे थेंब दिसतात आणि ते आपल्याकडे येताहेत की दूर जाताहेत हेही कळते, त्यामुळे केंद्राची जागा उपग्रहापेक्षा नेमकी सापडते. पण पृथ्वी गोल आहे. लांबच्या वादळाचा खालचा भाग रडारच्या किरणांच्या खालीच राहतो, म्हणून या यंत्राचा खरा उपयोग शेवटच्या दिवसाभरात होतो.

वादळ कुठे जाणार, हा वेगळाच प्रश्न. ते स्वतःहून फारसे कुठे जात नाही. भोवतालचे, मुख्यतः काही किलोमीटर उंचीवरचे वारे त्याला ढकलत नेतात. ‘निसर्ग’ आधी उत्तरेकडे सरकले आणि मग ईशान्येकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे वळले. हे वळण नेमके कधी येईल यावर सगळे अवलंबून होते. वळण काही तास लवकर आले तर कोकण, उशिरा आले तर गुजरात. संगणकावरची प्रारूपे हेच गणित सोडवतात. सुरुवातीची परिस्थिती किंचित बदलून तेच गणित अनेकदा केले जाते. उत्तरे एकमेकांजवळ आली तर भरवसा वाढतो, विखुरली तर कमी होतो. नकाशावर पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा ही अनिश्चितताच दाखवतो. तो पट्टा वादळाच्या केंद्राच्या संभाव्य जागेचा असतो. वाऱ्यापावसाचा घेर त्याच्या बाहेरही असतो, हे नकाशा बघताना अनेकांच्या लक्षात येत नाही.

वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळपास किनारा ओलांडेल, असा हवामान खात्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला आले. अलिबाग ते दिवेआगर सरळ अंतर सुमारे 50 किलोमीटर. चोवीस तास आधीच्या अंदाजात एवढा फरक पडणे चांगल्या अंदाजातही सामान्य आहे. पण या 50 किलोमीटरने मुंबईचा दिवस बदलला.

याचे कारण वाऱ्याच्या दिशेत आहे. पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या वादळाच्या दक्षिणेला वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, तर उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. दक्षिणेच्या गावांवर वारा पाणी लोटतो, उत्तरेला तोच वारा ते मागे ढकलतो. शिवाय वादळ ईशान्येकडे सरकत असेल, तर त्याच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या अंगाच्या वाऱ्यात त्याच्या चालीचा वेगही मिळतो. केंद्र दक्षिणेकडे सरकले आणि मुंबई या सौम्य बाजूला आणखी लांब राहिली. किनाऱ्यावरच्या माणसाने म्हणूनच केवळ ‘वादळ किती दूर’ एवढेच विचारून भागत नाही. आपले गाव केंद्राच्या कुठल्या अंगाला, हेही विचारायला हवे.

किनारा ओलांडताना ‘निसर्ग’चे वारे ताशी 110 ते 120 किलोमीटरचे होते. संध्याकाळपर्यंत ते तीव्र गटातून खाली आले, रात्री त्याला चक्रीवादळही म्हणता येईना आणि 4 जूनच्या सकाळी पुन्हा साधे डिप्रेशन उरले. समुद्रावर दोन दिवसांत चढलेल्या पायऱ्या जमिनीवर एका दिवसाच्या आत उतरल्या.

झाडे, घरे, डोंगर यांना घासून वारा मंदावतो, हे खरे आणि सह्याद्रीने तर वादळाची घडीच विस्कटली. पण मूळ कारण पुरवठा तुटणे हे आहे. जमिनीवर वाफ पुरवणारे तापलेले पाणी नसते. माती तापलेली असली तरी ती वरच्या पातळ थरापुरतीच. पहिल्या सरींनीच ती थंड होते. खाली 50 मीटर ऊब साठवलेला समुद्र तिथे नाही. वाफ घटली की ढगांतली उष्णता घटते आणि केंद्राचा दाब वाढू लागतो. त्यातच घर्षणामुळे मंदावलेला वारा वर्तुळात फिरण्याऐवजी केंद्रात घुसतो आणि तो खड्डा भरून काढतो. जी साखळी वादळाला वाढवत होती, तीच आता उलटी फिरते.

मात्र वारा पडला म्हणजे पाऊसही थांबला, असे नाही. वरच्या हवेतला भोवरा आणि त्यातली आर्द्रता बरेच दिवस टिकू शकते. सप्टेंबर 2021 मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर आले आणि जमिनीवर विरले. त्याचे अवशेष महाराष्ट्रावरून पश्चिमेकडे सरकले, तेव्हा मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले. पुढे ते अरबी समुद्रावर पोहोचले. तिथे पुन्हा गरम पाणी मिळाले आणि त्यातून ‘शाहीन’ हे नवे चक्रीवादळ उभे राहिले, जे 3 ऑक्टोबरला ओमानवर धडकले. म्हणून वादळाने किनारा ओलांडल्यावरही अंदाजकर्ते त्याचा नकाशा मिटवत नाहीत. त्याच्या वाटेवर पुढे आणखी एक समुद्र आहे का, हे त्यांना पाहायचे असते.