काचपट्टीवरच्या पाच पांढऱ्या पेशी

एक मायक्रोलिटर रक्तात तांबड्या पेशी साधारण ५० लाख असतात, पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली एक पांढरी पेशी सापडेपर्यंत नजरेखालून सात-आठशे तांबड्या पेशी सहज जातात. पांढऱ्या पेशी सापडल्या की त्या पाच प्रकारांत मोजायच्या असतात: न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल, लिंफोसाइट आणि मोनोसाइट. प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘डिफरन्शियल काउंट’ या शीर्षकाखाली छापलेली टक्केवारी या मोजणीतून येते. आज बहुतेक ठिकाणी यंत्र ती मोजणी करते. पण यंत्राला शंका आली, की स्मिअर करून डोळ्यांनीच खात्री करावी लागते.

स्मिअर म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. एका टोकाजवळ रक्ताचा लहान थेंब ठेवतात, दुसरी काच साधारण ३० ते ४५ अंशांत धरून त्याला टेकवतात आणि एका दमात पुढे सरकवतात. थर सुरुवातीला जाड असतो आणि शेपटाकडे विरत जातो. वाळल्यावर तो रंगवावा लागतो, कारण रंगाविना पांढऱ्या पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. भारतातल्या प्रयोगशाळांत त्यासाठी लिशमनचा रंग फार वापरला जातो. ब्रिटिश लष्करातील डॉक्टर विल्यम लिशमन यांनी तो १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. रंगाचे द्रावण मिथेनॉलमध्ये केलेले असते. ते सुमारे दोन मिनिटे तसेच ठेवले की पेशी काचेला पक्क्या बसतात. मग त्यावर दुप्पट बफरचे पाणी घालून सात ते दहा मिनिटे थांबतात आणि धुतात.

या द्रावणात दोन स्वभावांचे रंग असतात. मेथिलीन ब्लू आणि त्यापासून तयार झालेले अ‍ॅझ्युर हे अल्कधर्मी रंग आम्लधर्मी पदार्थांना चिकटतात. केंद्रकातला डीएनए आणि पेशीद्रवातला आरएनए हे असे पदार्थ. इओसिन हा आम्लधर्मी रंग हिमोग्लोबिनसारख्या अल्कधर्मी प्रथिनांना धरतो. पाचांतल्या तीन पेशींची नावे याच आवडीनिवडीवरून पडली. जर्मन वैद्यक पॉल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास पेशींमधल्या कणांची वर्गवारी ते कोणता रंग घेतात यावरून केली. इओसिन घेणारे कण असलेली ती इओसिनोफिल, अल्कधर्मी रंग घेणारी ती बेसोफिल आणि ठळकपणे कोणत्याच बाजूला न झुकणारी ती न्यूट्रोफिल.

म्हणून पेशी ओळखण्याआधी रंग नीट चढला आहे का हे पाहावे लागते. बफरचा पीएच ६.८ च्या आसपास असेल तर तांबड्या पेशी गुलाबी दिसतात आणि केंद्रके जांभळी. पाणी जास्त अल्कधर्मी असेल किंवा धुणे कमी पडले असेल तर सगळे चित्र निळसर राखाडी होते आणि इओसिनोफिलचे कण काळपट पडून बेसोफिलचा भास होतो. उलट पाणी आम्लधर्मी असेल तर तांबड्या पेशी भडक लाल आणि केंद्रके फिकट दिसतात. तांबड्या पेशीच गुलाबी नसतील तर ती पट्टी वाचत बसण्यापेक्षा दुसरी रंगवणे बरे.

पट्टीवर कुठे पाहायचे हेही ठरलेले आहे. जाड भागात पेशी आकसून एकमेकींवर चढतात, अगदी शेपटाला त्या चपट्या होतात. मधला पट्टा असा हवा की तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतील. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइटसारख्या मोठ्या पेशी थर ओढताना कडांकडे आणि शेपटाकडे ढकलल्या जातात, लहान लिंफोसाइट मध्ये जास्त राहतात. नुसत्या कडेने मोजले तर न्यूट्रोफिल जास्त येतील, नुसत्या मध्यातून मोजले तर लिंफोसाइट. म्हणून काच कडेपासून आत आणि आतून पुन्हा कडेकडे अशी नागमोडी सरकवत, तेलाच्या १०० पट लेन्सखाली, वाटेत येणारी प्रत्येक पांढरी पेशी मोजायची. सोपी तेवढी मोजून अवघड सोडून देणे हा या कामातला सर्वांत घातक मोह आहे.

आकाराचा अंदाज घ्यायला मोजपट्टी शेजारीच असते: तांबडी पेशी, सात-आठ मायक्रॉन रुंद. न्यूट्रोफिल तिच्या जवळजवळ दुप्पट, १२ ते १४ मायक्रॉन. प्रौढ माणसात सर्वाधिक दिसणारी पेशी हीच, साधारण ४० ते ७५ टक्के. तिचे केंद्रक दोन ते पाच खंडांचे, बहुतेकदा तीन, आणि खंड बारीक धाग्यांनी जोडलेले असतात. प्रयोगशाळेत तिला ‘पॉलिमॉर्फ’ म्हणतात ते या बहुरूपी केंद्रकामुळे. पेशीद्रव फिकट गुलाबी आणि त्यात इतके बारीक जांभळट कण, की ते वेगवेगळे मोजता येत नाहीत. जिवाणूंचा जोराचा संसर्ग झाला की हे कण ठळक आणि गडद होतात आणि केंद्रकाचे खंड न पडलेल्या, वाकड्या पट्टीसारखे केंद्रक असलेल्या कोवळ्या पेशीही दिसू लागतात. त्या पेशी न्यूट्रोफिलच असतात, मात्र त्यांची नोंद वेगळी करतात.

इओसिनोफिल एकदा नीट पाहिली की विसरत नाही. केंद्रकाचे बहुधा दोनच खंड आणि बाकी सगळी पेशी नारिंगी-लाल, टपोऱ्या, एकसारख्या कणांनी भरलेली, डाळिंबाचे दाणे खेटून बसावेत तशी. प्रमाण एक ते सहा टक्के. हे कण केंद्रकावर सहसा चढत नाहीत, म्हणून दोन्ही खंड स्वच्छ दिसतात. बेसोफिलचे नेमके उलटे. तिचे गडद जांभळे, लहान-मोठे कण केंद्रक झाकून टाकतात आणि त्याचा आकार कळतच नाही. शंभरात एखादीच सापडते, पुष्कळदा एकही नाही. तिचे कण पाण्यात विरघळणारे असल्याने धुताना काही निघून जातात आणि जागोजागी रिकामे ठिपके उरतात. अशी अर्धी पुसलेली बेसोफिल न्यूट्रोफिल म्हणून सहज मोजली जाते. पेशीच्या कडेला दोन-चार तरी काळे-जांभळे कण शिल्लक आहेत का, हे पाहिले की चूक टळते.

लहान लिंफोसाइट ओळखायला सोपी आहे. तिचे गोल, गच्च केंद्रक जवळजवळ तांबड्या पेशीएवढे असते आणि त्याभोवती निळ्या पेशीद्रवाची अरुंद किनार दिसते. प्रौढांत तिचे प्रमाण २० ते ४० टक्के, लहान मुलांत याहून बरेच जास्त. मोनोसाइट निरोगी रक्तातली सर्वांत मोठी पेशी, १५ ते २० मायक्रॉनची, दोन ते दहा टक्के. तिचे केंद्रक घडी पडल्यासारखे किंवा एका बाजूने खोल खाच असलेले, त्यातले द्रव्य सैल आणि विरळ. पेशीद्रव भरपूर, धुरकट राखाडी-निळे, आणि त्यात बरेचदा रिकाम्या पोकळ्या असतात.

खरी कसोटी लागते ती मोठी लिंफोसाइट आणि मोनोसाइट यांच्यात. विषाणूच्या संसर्गात लिंफोसाइट उत्तेजित होतात, फुगतात, त्यांचे पेशीद्रव वाढते आणि केंद्रकही वेडेवाकडे होते. अशी पेशी आकाराने मोनोसाइटएवढी भरते, तेव्हा आकारावर विसंबता येत नाही. पाहायचे ते तीन ठिकाणी. पेशीद्रवाचा रंग: लिंफोसाइटचा स्वच्छ निळा, कडेला अधिक गडद, मोनोसाइटचा सगळीकडे सारखा राखाडी. केंद्रकातले द्रव्य: लिंफोसाइटमध्ये ठोकळ्यांसारखे दाट, मोनोसाइटमध्ये सैल. आणि शेजारच्या तांबड्या पेशींशी वागणूक: उत्तेजित लिंफोसाइटची कड मऊ पडून शेजारणींभोवती वळते आणि त्यांच्या दाबाने तिला खळगे पडतात, मोनोसाइट सहसा आपला आकार राखते. तिसरी खूण एकटी पुरेशी नाही, पण पहिल्या दोन्हींना दुजोरा म्हणून फार कामाची आहे.

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात तापाच्या पाचव्या दिवशी एका प्रौढ रुग्णाचे रक्त आले आहे. एकूण पांढऱ्या पेशी ३,६००, प्लेटलेट ८२,०००. पहिल्या मोजणीत शंभरपैकी न्यूट्रोफिल ४२, लिंफोसाइट ३०, मोनोसाइट २६, इओसिनोफिल २ आले. मोनोसाइट २६ टक्के हा आकडा खटकायला हवा. पट्टी पुन्हा लावली असता ‘मोनोसाइट’ म्हणून मोजलेल्या पुष्कळ पेशींचे पेशीद्रव कडेला गडद निळे, केंद्रक दाट आणि पोकळ्या जवळपास नाहीत असे दिसते. आता २०० पेशी मोजल्या: न्यूट्रोफिल ८६, लिंफोसाइट ९१, त्यांपैकी ३५ उत्तेजित, मोनोसाइट १९, इओसिनोफिल ४. म्हणजे मोनोसाइट साडेनऊ टक्के आणि लिंफोसाइट साडेपंचेचाळीस. एकूण ३,६०० ने गुणले तर मोनोसाइटची प्रत्यक्ष संख्या पहिल्या हिशेबातल्या ९३६ वरून ३४२ वर येते आणि लिंफोसाइटची १,०८० वरून १,६३८ वर जाते. कमी झालेल्या पांढऱ्या पेशी, उतरलेल्या प्लेटलेट आणि इतक्या उत्तेजित लिंफोसाइट हे चित्र डेंग्यूत नेहमी दिसते. पण ते इतर विषाणूंच्या तापातही दिसू शकते. निदान होते ते एनएस१ आणि प्रतिपिंडांच्या चाचणीने. स्मिअर डॉक्टरांना फक्त दिशा देतो.

दुसऱ्या वेळी २०० पेशी मोजल्या त्याला कारण आहे. शंभर पेशींच्या मोजणीत १० टक्के आले तर खरे प्रमाण ५ ते १८ टक्क्यांत कुठेही असू शकते. निवडलेल्या शंभर पेशींतला हा निव्वळ योगायोगाचा फरक आहे आणि अनुभवाने तो कमी होत नाही, जास्त पेशी मोजल्यानेच होतो. म्हणून काल तीन आणि आज पाच मोनोसाइट आल्या तर त्याला वाढ म्हणता येत नाही.

रक्त किती शिळे आहे यावरही ओळख अवलंबून असते. ईडीटीएच्या नळीत रक्त बरेच तास राहिले की न्यूट्रोफिलचे खंड गोलसर होऊन सुटू लागतात, मोनोसाइटमध्ये जास्तीच्या पोकळ्या पडतात आणि लिंफोसाइटच्या केंद्रकालाही खाचा येतात. तिन्ही पेशी एकमेकींसारख्या दिसू लागतात ते इथे. म्हणून नमुना मिळाल्यापासून दोन-तीन तासांत स्मिअर काढून वाळवून ठेवावा, रंगवायला थोडा उशीर झाला तरी चालतो.

एखादी पेशी पाचांपैकी कुठेच बसत नाही असेही होते. फुटून नुसता जांभळा डाग उरलेली असेल तर ती वेगळी मोजावी. पण अखंड, मोठी, जवळजवळ संपूर्ण पेशी व्यापणारे केंद्रक, त्यात फिकट गोल ठिपके आणि भोवती निळे पेशीद्रव अशी पेशी दिसली, तर तिला मोठी लिंफोसाइट म्हणून रकान्यात बसवू नये. ती अस्थिमज्जेतली अपक्व पेशी असू शकते आणि ल्युकेमियाची पहिली खूण तीच असते. अशा वेळी तिची जागा काचेवर खूण करून ठेवायची, अहवाल थांबवायचा आणि पट्टी त्याच दिवशी पॅथॉलॉजिस्टच्या हाती द्यायची.