‘सुधारणा आवश्यक’ म्हणजे नेमकी कुठे?

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्राची प्रगतिपुस्तकं घरी येतात. आमच्या गल्लीत मी शाळेतून निवृत्त झालेली एकटीच बाई, त्यामुळे त्यांतली चार-पाच माझ्याकडेही पोचतात. पालक पान उघडून एका रकान्यावर बोट ठेवतात. ‘काकू, हे बघा काय लिहिलंय.’ रकान्याचं छापील नावच ‘सुधारणा आवश्यक’. त्याच्या शेजारी ‘विशेष प्रगती’ आणि ‘आवड/छंद’ असे आणखी दोन रकाने असतात, पण त्यांच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

पालक इथेच घाबरतात, म्हणून एक गोष्ट आधी सांगते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत 2010 साली आली, तेव्हापासून हा रकाना प्रत्येक मुलाच्या पुस्तकात असतो आणि तो रिकामा ठेवायची सोय नसते. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या पुस्तकातही तिथे काहीतरी लिहिलेलं असतं. वर्गात चाळीस मुलं आणि सात-आठ विषय धरले, तर एका सत्रात तीनशेच्या आसपास नोंदी लिहायच्या. म्हणून वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या हातोहात फिरतात. ‘गणिती क्रियांचा सराव आवश्यक’, ‘शाब्दिक उदाहरणे सोडवताना गोंधळतो’, ‘अक्षर सुधारावे’ ही वाक्यं अनेकदा तिथूनच उतरवलेली असतात. बाईंना मूल माहीत नसतं असं नाही. माहीत असलेलं सगळं त्या दोन इंचांच्या जागेत मावत नाही. वाक्याचा कीस काढत बसण्यापेक्षा त्यामागचे गुण पाहावेत.

यंदाचं एक पुस्तक घेऊ. मुलगा चौथीतला. गणितात ब-2, म्हणजे 61 ते 70 यांच्या मधले गुण. नोंद होती, ‘शाब्दिक उदाहरणांत सुधारणा आवश्यक’. आईने शिकवणी लावायचं जवळजवळ ठरवलंच होतं. मी तिला म्हटलं, आधी बाईंकडून गुणांची फोड घेऊन ये. ती श्रेणीच्या पानावर नसली तरी शिक्षकांच्या नोंदवहीत असते.

चौथीला शंभरातले 60 गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात. वर्गातलं काम, स्वाध्याय, उपक्रम, चाचणी असं वर्षभर चालणारं सगळं त्यात येतं. उरलेले 40 संकलितचे, त्यात 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि 30 लेखी. या मुलाला आकारिकमध्ये 44 होते, तोंडीत 10 पैकी 9 आणि लेखीत 30 पैकी 11. बेरीज 64. श्रेणीकडे पाहून मूल गणितात बेताचं वाटतं. फोड पाहिली की कळतं, ते तोंडी जवळजवळ सगळं सांगतं आणि कागदावर अडतं. शिकवणीत पाढे आणि उभ्या बेरजा आणखी घोटून घेतल्या असत्या, तर जे येतं त्यावरच वेळ गेला असता.

मग उत्तरपत्रिका पाहिली. हातच्याची बेरीज आणि वजाबाकी बरोबर होती, गुणाकारात एक किरकोळ चूक. गुण गेले होते ते शाब्दिक उदाहरणांत, तेही सगळ्यांत नाही. तसंच एक उदाहरण मी कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवलं: ‘रमाकडे 352 चिंचोके आहेत. ते सलीमकडील चिंचोक्यांपेक्षा 127 ने जास्त आहेत. तर सलीमकडे किती चिंचोके आहेत?’ त्याने मनात वाचलं आणि झटकन 479 लिहिलं. बेरीज अचूक, पण उदाहरण वजाबाकीचं. मग मी तेच मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्या वाक्यानंतर थांबून विचारलं, ‘जास्त कोणाकडे?’ तो म्हणाला, ‘रमाकडे.’ लगेच स्वतःच खोडून त्याने 225 लिहिलं.

म्हणजे वजाबाकी येते, तुलनाही कळते. स्वतः वाचताना तो ‘जास्त’ दिसलं की बेरीज करून मोकळा होतो. ‘ते’ कोणाचे, हे पाहायला थांबत नाही. तोंडी परीक्षेत 9 गुण का पडले, हेही इथे उमगतं. तिथे प्रश्न बाई वाचतात आणि वाचताना योग्य जागी थांबतात. गंमत म्हणजे याच पुस्तकात मराठीला अ-2 होती. शिकवलेल्या धड्यावरच्या प्रश्नांची उत्तरं त्याला येतात, म्हणून तिथे ही अडचण दिसली नसावी.

आता बाईंना काय लिहायचं? आईने आधी लिहून आणलेली चिठ्ठी अशी होती: ‘नोंद वाचली. आम्ही घरी खूप अभ्यास घेतो. तरी कृपया लक्ष द्यावे.’ हे वाचून बाई काय करणार? ‘हो, देते’ म्हणतील आणि पुढच्या वहीकडे वळतील. शिवाय ‘लक्ष द्यावे’मध्ये, आजवर दिलं नाही असा टोमणा ऐकू येतो, लिहिणारीच्या मनात नसला तरी. आम्ही ती बाजूला ठेवून नवी लिहिली:

‘बाई, गणिताची नोंद आणि गुणांची फोड पाहिली. घरी एक उदाहरण दिलं. स्वतः वाचून त्याने वजाबाकीच्या जागी बेरीज केली. मोठ्याने वाचून दाखवल्यावर बरोबर सोडवलं. कागद सोबत जोडला आहे. वर्गातही असंच होतं का? तुम्ही प्रश्न वाचून दाखवता तेव्हा आणि तो स्वतः वाचतो तेव्हा फरक दिसतो का? घरी आम्ही रोज दोन उदाहरणं घेऊ. गणित करण्याआधी कोणाकडे जास्त आणि काय शोधायचं, ते त्याने तोंडी सांगायचं. तुमची पद्धत वेगळी असेल तर कळवा, म्हणजे दोन्हीकडे एकच राहील.’

यातला प्रश्न बाईंना मुलाच्या वहीकडे पाहून दोन मिनिटांत सोडवता येतो. ‘त्याचं गणित कसं सुधारेल?’ या प्रश्नाचं उत्तर कोणालाच देता येत नाही. शेवटचं वाक्यही मुद्दाम घातलं. घरी एक रीत आणि शाळेत दुसरी झाली, तर मूल दोन्हींत लटकतं.

बाईंनी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं. फरक त्यांनाही दिसला होता, पण मुलगा घाई करतो असं त्या समजत होत्या. त्यांनी एक सुधारणाही सुचवली: तोंडी सांगण्याऐवजी त्याने दोन चौकोन काढून त्यांत नावं लिहावीत आणि मोठा चौकोन कोणाचा ते ठरवावं, कारण परीक्षेत बोलता येत नाही. ही युक्ती माझ्या युक्तीपेक्षा सरस होती.

ही वाट सगळीकडे चालत नाही. फोडीत कुठेतरी उंचसखल असेल तरच ती बोलते. आकारिक, तोंडी, लेखी सगळीकडे गुण सारखेच कमी असतील, तर अडचण या वर्षाच्या अभ्यासात शोधू नये. तिसरीची, गरज पडली तर दुसरीची उदाहरणं देत मागे जावं आणि मूल कुठे अडखळायचं थांबतं ते पाहावं. बाईंना लिहितानाही मग तेच लिहावं: दोन अंकी वजाबाकी हातचा नसेल तर येते, हातचा आला की अडतं. आणि नोंद ‘वर्गात लक्ष नसते’ अशी असेल, तर घरचं उदाहरण काहीच सांगत नाही. तिथे एकच विचारायचं, कोणत्या तासाला आणि कोणाशेजारी बसल्यावर.