‘तांत्रिक अडचण’ म्हणजे नेमकं काय झालं?

पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीकडे दिवाळी अंक काढणाऱ्या प्रकाशकांचं काम आलंय, असं समजू. वीस वर्षांचे अंक संकेतस्थळावर आणायचे आणि वाचकाला त्यांत हवा तो शब्द शोधता आला पाहिजे. उद्घाटन गुढीपाडव्याला ठरलंय, पाहुण्यांनाही कळवून झालंय. पाडव्याला तीन आठवडे उरले असताना कंपनीच्या लक्षात येतं, की अलीकडचे आठ अंक तयार आहेत, पण जुने बारा वेळेत होत नाहीत. प्रकाशकांना कागद, फर्मा, बांधणी यांतलं सगळं कळतं. संगणकाच्या पोटात अक्षर कसं साठतं, याच्याशी मात्र त्यांचा कधी संबंध आलेला नाही.

अशा वेळी दोन प्रकारची पत्रं जातात. एकात ‘एन्कोडिंग मिसमॅच’, ‘लेगसी डेटा’ असे शब्द असतात. ते खरे असतात, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्यात ‘काही तांत्रिक अडचणींमुळे थोडा विलंब होत आहे, काळजी नसावी’ एवढंच असतं. हे वाचल्यावर खरी काळजी सुरू होते, कारण काय बिघडलं आणि किती, हे दोन्ही त्यात नसतं.

आधी काय घडलं ते पाहू. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाई वेगवेगळ्या फॉन्टवर चाले. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘किती’ असं दिसणारा शब्द फाइलमध्ये प्रत्यक्षात असा साठलेला असतो:

```
fdrh
```

फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीशी होते आणि ही चार रोमन अक्षरं उरतात. शिवाय पहिली वेलांटी कागदावर क च्या आधी दिसते, म्हणून इथे ती आधी साठते. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम लागतो. रफाराचं उलट होतं. ‘कर्म’मधला रफार जुन्या फाइलमध्ये म नंतर येतो, युनिकोडमध्ये तो म च्या आधी हवा. म्हणून अक्षरामागून अक्षर बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात. हे सगळं एक तक्ता लावून प्रोग्रॅम करतो. पण फॉन्ट बदलला की तक्ताही बदलतो. एका फॉन्टमध्ये ज्या खुणेचा अर्थ क असतो, तिचाच अर्थ दुसऱ्यात भलताच असू शकतो.

आपल्या कंपनीनं काम घेताना तीन अंक तपासले, आणि तिन्ही अलीकडचे होते. जुने बारा अंक दुसऱ्या फॉन्टमध्ये निघाले. त्यांच्यासाठी मिळालेला तयार तक्ता हिंदीसाठी केलेला होता. ‘दुसऱ्या’मधला आडवा, केसासारखा र मराठीला लागतो, तो त्या तक्त्यात नव्हता. त्याच्या जागी सगळीकडे रफार आला. ‘आचाऱ्यांना’ वाढपी शोधत होते, तिथे ‘आचार्यांना’ शोधू लागले. पानावर वरवर नजर टाकली तर हे सुटून जातं. शोधाच्या चौकटीत ‘दुसऱ्या’ टाईप केलं आणि जुन्या बारा अंकांतून एकही ओळ आली नाही, तेव्हा ते उघडं पडलं.

प्रकाशकांना हे कळण्यासाठी एन्कोडिंग हा शब्द लागतच नाही. त्यांच्याच अंकातलं एक वाक्य, छापलेलं आणि बिघडलेलं, शेजारी शेजारी ठेवलं की निम्मं काम होतं. शुद्धलेखनाची चूक संपादकाला सांगावी लागत नाही.

घसरायला होतं ते पुढच्या वाक्यावर. ‘तुमच्या फाइल्स जुन्या आहेत, म्हणून वेळ लागतोय’ हे सोपं आहे, सभ्य आहे, त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, आणि तरीही ती लपवाछपवी आहे. फाइल्स जुन्या आहेत हे पहिल्या दिवशीच माहीत होतं. उशिराचं कारण त्यांचं वय नाही. वेगवेगळ्या काळातल्या अंकांचे नमुने आधी तपासले नाहीत, हे आहे. ते गाळलं तर सोपी भाषा दोष ग्राहकाकडे सरकवण्याच्या कामी येते.

‘नव्व्याण्णव टक्के मजकूर बरोबर आहे’ हा दिलासाही असाच फसवा. एका पानावर तीनशे शब्द धरले तर शंभरात एक म्हणजे पानाला तीन चुका. दीडशे पानांच्या अंकात त्या साडेचारशे होतात. छापील अंकात इतक्या चुका कुठला संपादक खपवून घेईल? आकडा द्यायचाच तर पानामागे किती चुका, असा द्यावा.

आधी दिलासा आणि मग खरं, या क्रमाचं काय होतं ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं पाहिलं. एप्रिल 2018मध्ये या बँकेनं आपल्या ग्राहकांची खाती नव्या संगणक यंत्रणेवर हलवली आणि लाखो लोकांना आपलंच खातं उघडता येईना. मुख्य अधिकारी पॉल पेस्टर यांनी काही दिवसांतच सेवा सुरू झाल्याचं जाहीर केलं, पण लोकांच्या फोनवर ती चालत नव्हती. संसदेच्या अर्थविषयक समितीनं बिघाडावर बोट ठेवलंच, शिवाय पेस्टर यांची विधानं दिशाभूल करणारी असल्याचा ठपका ठेवला. सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं. मोजक्या शाखांत, मोजक्या ग्राहकांना अजून अडचण येतेय असं ऐकून घेणारे लोक, सगळं ठीक आहे असं सांगून खातं उघडलं नाही तर पुढच्या खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाहीत.

प्रकाशकांना आधी फोन करावा आणि मग पत्र पाठवावं. पत्र साधारण असं असेल:

“सप्रेम नमस्कार. जुने बारा अंक पाडव्याला तयार होणार नाहीत, ते अक्षय्य तृतीयेला देता येतील. अलीकडचे आठ अंक तपासून तयार आहेत. जुने अंक वेगळ्या फॉन्टमध्ये आहेत, त्यामुळे रूपांतर करताना काही अक्षरं चुकत आहेत. आपल्याच अंकातला नमुना सोबत जोडला आहे. काम घेताना आम्ही फक्त अलीकडचे अंक पाहिले, ही आमची चूक, म्हणून वाढीव कामाचे पैसे घेणार नाही. आपल्या मूळ फाइल्स सुरक्षित आहेत, आम्ही प्रतीवर काम करतो. पाडव्याला आठ अंकांचं उद्घाटन करून जुने अंक तूर्त पानांच्या छायाचित्रांच्या रूपात ठेवायचे, की सगळंच पुढे न्यायचं, हे आपण ठरवावं. छायाचित्रं वाचता येतील, त्यांत शब्द शोधता येणार नाही.”

अक्षय्य तृतीया कुठून आली, तेही पत्राखाली मांडावं. नवा तक्ता करायला एक आठवडा. बारा अंकांची मिळून अठराशे पानं. एक मुद्रितशोधक दिवसाला चाळीस पानं नीट वाचतो असं धरलं, तर दोघांना तेवीस दिवस लागतात. सुट्ट्या धरून सहा आठवडे होतात आणि हाताशी साधारण दहा दिवस उरतात. अजून न कळलेली गोष्टही लिहावी: बारांपैकी सर्वांत जुन्या दोन अंकांत तिसरा फॉन्ट असण्याची शक्यता आहे, ते येत्या शुक्रवारपर्यंत कळवू. शुक्रवारी उत्तर हाती नसलं तरी फोन जायला हवा, आणि तो कंपनीकडूनच.

सोबत प्रकाशकांना चाचणीची लिंक आणि पाच शब्द द्यावेत: किती, कर्म, दुसऱ्या, वऱ्हाड, आचाऱ्यांना. अंक तयार झाल्याचं कंपनीनं कळवलं, की ते स्वतः छापील अंकातलं यांपैकी एखाद्या शब्दाचं वाक्य काढतील, शोधात तो शब्द घालतील आणि तेच वाक्य समोर येतं का, हे पाहतील.