‘शिसे आढळले नाही’ म्हणजे नेमके काय?

पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, असे भारतीय मानक सांगते. पण अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिणाऱ्या प्रयोगशाळेला किती बारीक दिसते, हे आधी पाहायला हवे.

त्यासाठी शिसे नसलेले पाणी, म्हणजे कोरा नमुना, दहा वेळा मोजतात. यंत्र दर वेळी शून्य दाखवत नाही. आकडा थोडा वरखाली होतो. समजा, या विखुरण्याचे प्रमाण विचलन ०.०००९ आले. मग माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणांवरून आलेख काढला आणि शिसे एका मायक्रोग्रॅमने वाढले की वाचन ०.००३ ने वाढते, असे दिसले. हा आलेखाचा उतार.

विचलनाला ३.३ ने गुणून उताराने भागले की शोधमर्यादा मिळते: सुमारे १ मायक्रोग्रॅम. ३.३ ऐवजी १० घेतले की मापनमर्यादा: ३ मायक्रोग्रॅम. एक ते तीनच्या मध्ये शिसे आहे एवढेच म्हणता येते, किती ते खात्रीने नाही.

खरी चूक कोऱ्या नमुन्यात होते. त्यालाही खऱ्या नमुन्यासारखेच आम्ल, तीच भांडी, तीच उष्णता हवी. नुसते शुद्ध पाणी मोजले तर विखुरणे खोटेच कमी दिसते. सगळी प्रक्रिया करून विचलन ०.००३ निघाले, तर मापनमर्यादा थेट १० वर जाते आणि मानकाच्या मर्यादेखालचे काहीच मोजता येत नाही. म्हणून पाण्यात मुद्दाम ३ मायक्रोग्रॅम शिसे घालून ते पुन्हापुन्हा तेवढेच मिळते का, हे तपासावेच लागते.

‘आढळले नाही’ असा अहवाल हाती आला, तर शोधमर्यादा किती होती हे जरूर विचारा.